दहावीच्या दोन टक्क्यांत २४,००० रुपये

ताईंनो, शाळेतली स्कॉलरशिपची परीक्षा गुणांवर ठरते. आठवीतली एनएमएमएस मात्र गुणांसोबत गरजही बघते. परीक्षेत निवड झाली, तरी आई-वडिलांचं सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. त्याला तहसीलदारांचा दाखला लागतो. अर्ज सेतू केंद्रात होतो.

निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण दर वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं, आणि नववी पहिल्याच झटक्यात पास व्हावी लागते. दहावीला ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ५५. समजा, खुल्या गटातल्या मुलीला ५८ पडले, तर अकरावी-बारावीचे २४,००० गेले. म्हणून शाळेत जाऊन विचारा, यंदाचं नूतनीकरण भरलं का?