शंभर टोप्यांमागे एक

मेजवानीला शंभर पाहुणे आले. प्रत्येकाने दारात आपली टोपी काढून दिली. निघायच्या वेळी सगळ्या टोप्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, म्हणून नोकराने न बघता प्रत्येकाच्या हातात एकेक टोपी ठेवली. सरासरी किती जणांना स्वतःची टोपी मिळेल?

उत्तर आहे एक. पाहुणे दहा असोत की दहा हजार, उत्तर तेच राहते. इथे सरासरी म्हणजे असे टोपीवाटप पुन्हा पुन्हा, असंख्य वेळा केले आणि दर वेळी आपली टोपी मिळालेले पाहुणे मोजले, तर त्या आकड्यांची सरासरी. संभाव्यताशास्त्रात तिला अपेक्षित मूल्य म्हणतात.

या प्रश्नाला थेट भिडायचे तर नेमक्या तिघांना, नेमक्या सात जणांना आपली टोपी मिळण्याच्या संभाव्यता एकेक करून काढाव्या लागतात, आणि तो हिशेब भलताच किचकट होतो. त्याऐवजी प्रत्येक पाहुण्याच्या नावे एक छोटा आकडा ठेवायचा: आपली टोपी मिळाली तर १, नाही तर ०. याला सूचक चल म्हणतात. शंभर सूचकांची बेरीज म्हणजेच आपली टोपी मिळालेल्यांची संख्या. एका पाहुण्याच्या हाती शंभरांपैकी कोणतीही टोपी सारख्याच शक्यतेने येते, म्हणून त्याच्या सूचकाची सरासरी १/१००. अशा शंभर सरासऱ्या मिळवल्या की १.

इथे चोखंदळ वाचक अडेल, आणि त्याने अडायलाच हवे. हे सूचक एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. नव्याण्णव जणांना आपापली टोपी मिळाली, तर शंभराव्याला त्याचीच मिळणार. मग त्यांच्या सरासऱ्या सरळ मिळवणे कसे चालते?

चार पाहुणे घेऊन पाहू. चार टोप्या चौघांत वाटण्याचे २४ प्रकार आहेत. एक तक्ता आखा: प्रत्येक प्रकाराची एक ओळ, प्रत्येक पाहुण्याचा एक रकाना, आणि ज्याला आपली टोपी मिळाली त्याच्या चौकटीत १. आडवी बेरीज केली, तर त्या वाटपात किती जणांना आपली टोपी मिळाली ते कळते. ९ ओळींत एकालाही नाही, ८ ओळींत एकाला, ६ ओळींत दोघांना, एका ओळीत चौघांनाही. एकूण ८ + १२ + ४ = २४. आता उभे मोजा. पहिल्याला त्याची टोपी दिली की उरलेल्या तीन टोप्या ६ प्रकारे वाटता येतात, म्हणून त्याच्या रकान्यात १ सहा वेळा येतो. चार रकाने, एकूण पुन्हा २४. ओळीही २४, म्हणून सरासरी १. तक्ता आडवा मिळवा की उभा, बेरीज बदलत नाही, आणि उभी बेरीज करताना एका रकान्याचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे बघावेच लागत नाही. अपेक्षित मूल्याची रेषीयता म्हणतात ती हीच. मला ही पद्धत सुंदर वाटते ती यासाठी: प्रश्नाचा सगळा गुंता रकान्यांमधल्या संबंधांत आहे, आणि सरासरी काढायला त्याला हात लावावा लागत नाही.

हे किती ताणता येते पाहा. समजा शंभर पाहुणे गोल बसले आहेत आणि नोकर टोप्यांचे अख्खे वर्तुळ वाटेल तितकी घरे फिरवतो. आता एक तर सगळ्यांना आपली टोपी मिळते, नाही तर कुणालाच नाही. तरी एका पाहुण्याची शक्यता १/१०० च राहते, म्हणून सरासरीही १ च.

यातच या पद्धतीची मर्यादाही दिसते. फिरवलेल्या वर्तुळात १०० पैकी ९९ वेळा कुणालाच आपली टोपी मिळत नाही; मिसळून वाटलेल्या टोप्यांत असे साधारण ३७ टक्के वेळा घडते. सरासरी मात्र दोन्हीकडे सारखीच. शक्यता हवी असेल तर परस्परसंबंध टाळता येत नाहीत. पिएर रेमों द मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ च्या आपल्या ग्रंथात तेरा पत्त्यांच्या खेळाच्या रूपात हाच प्रश्न घेतला होता, आणि त्याला हवी होती ती शक्यताच.

चूक हमखास होते ती इथे. चौघांपैकी प्रत्येकाला आपली टोपी न मिळण्याची शक्यता ३/४, म्हणून चौघांनाही न मिळण्याची शक्यता ३/४ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.३२, असे वाटते. तक्ता सांगतो ९/२४, म्हणजे ०.३७५. बेरजेला स्वातंत्र्य लागत नाही, पण या गुणाकाराला लागते.

आणि एक पाहुणा पुढे होऊन आपली टोपी ओळखून घेऊन गेला तर? त्याचा सूचक नक्की १. उरलेल्या ९९ जणांत ९९ टोप्या, प्रत्येकाची शक्यता १/९९, त्यांची बेरीज १. सरासरी आता दोन.