बँकेचा शिल्लक-दाखला

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की बापाला बँकेतून एक कागद आणावा लागतो. त्याला शिल्लक-दाखला म्हणतात. "या माणसाच्या खात्यात अमुक तारखेला इतके रुपये आहेत," असे बँक त्यात लिहून देते. कागद लहान आहे; पण तो चुकला तर मुलीचे एक वर्ष वाया जाते. म्हणून आम्ही येथे एकाच देशाची, म्हणजे इंग्लंडची गोष्ट सांगतो. ती नीट समजली की बाकीच्या देशांबद्दल काय विचारावे हे आपोआप कळेल.

असे समजा की आपल्या सावनेरच्या कोळसा खाणीतून एक कामगार सेवानिवृत्त झाला. त्याची मुलगी नागपुरात पदवीधर झाली, आणि इंग्लंडातील एका विद्यापीठाने तिला प्रवेश दिला. ते विद्यापीठ लंडनबाहेर आहे. आता तिला व्हिसा, म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी हवी. तेथील सरकार विचारते, "फी भरायला आणि राहायला-खायला तुझ्याजवळ पैसा आहे काय?"

किती पैसा हवा, याचा हिशेब असा. पहिल्या वर्षाची फी 15,000 पौंड. त्यातले 5,000 आधीच भरले, आणि विद्यापीठाने तसे आपल्या पत्रात लिहिले. म्हणजे उरले 10,000. लंडनबाहेर राहण्याचा खर्च नोव्हेंबर 2025 पासून महिन्याला 1,171 पौंड धरतात. वर्षभराचे शिक्षण असले तरी तो नऊच महिन्यांचा दाखवायचा. तो झाला 10,539. एकूण 20,539 पौंड. एका पौंडाला 120 रुपये धरले तर 24,64,680 रुपये होतात. हे दर बदलतात, म्हणून अर्ज भरताना चालू दर पाहून हिशेब पुन्हा करावा.

या कामगाराला निवृत्तीचे पैसे मिळाले. 1 जूनला त्याच्या बचत खात्यात 25,50,000 रुपये जमा झाले. तो म्हणाला, "गुरुजी, पैसा तं पुरून उरते. आता काहाची काळजी?"

काळजी तारखांची आहे. इंग्लंडचा नियम असा की, पैसा नुसता असून चालत नाही. तो सलग 28 दिवस खात्यात राहिला पाहिजे. त्या 28 दिवसांत एक दिवसही शिल्लक ठरलेल्या रकमेखाली जाता कामा नये. हे दिवस दाखल्यावरील शिल्लकीच्या तारखेपासून मागे मोजतात. आणि त्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत व्हिसाचा अर्ज भरावा लागतो. त्यानंतर दाखला शिळा होतो.

आपल्या कामगाराने 12 जूनला पावसाळ्याआधी घराचे छप्पर दुरुस्त करायला दोन लाख काढले. शिल्लक राहिली 23,50,000. पुढे 20 जूनला भावाने जुनी उसनवारी फेडली, ती त्याने खात्यात भरली. शिल्लक पुन्हा 25,50,000 झाली. 28 जूनला तो बँकेत गेला आणि दाखला घेऊन आला. दाखल्यावर 25,50,000 असेच लिहिले होते. त्यात काही खोटे नव्हते. पण दाखला एका दिवसाचे बोलतो, आणि व्हिसाचा अधिकारी 28 दिवसांचे विचारतो. 12 ते 19 जून शिल्लक कमी होती, हे खात्याच्या उताऱ्यात दिसणारच. असा अर्ज नामंजूर होतो, आणि अर्जाची फीही जाते.

मग उपाय काय? दिवस पुन्हा मोजायचे. 20 जून हा पहिला दिवस धरला तर 17 जुलै हा अठ्ठाविसावा येतो. त्याने 18 जुलैला नवा दाखला घ्यावा, आणि 18 ऑगस्टच्या आत अर्ज भरावा. तोवर त्या खात्याला हात लावू नये. घरखर्चाला दुसरे खाते ठेवावे. पौंड महाग झाला तर रक्कम अपुरी पडू नये, म्हणून थोडा पैसा वरचढ असू द्यावा.

आता बँकेत काय मागायचे ते पाहू. तोंडी "दाखला द्या" म्हटले तर एका दिवसाचाच मिळतो. मोबाइलवरून निघतो तोही बहुधा तसाच. म्हणून आपले खाते असलेल्या शाखेत शाखाधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्यावा. तो असा :

"माझ्या मुलीला इंग्लंडच्या विद्यार्थी-व्हिसासाठी माझ्या बचत खात्याचा शिल्लक-दाखला इंग्रजीत हवा आहे. त्यात माझे पूर्ण नाव, खाते क्रमांक, दाखल्याची तारीख व त्या दिवसाची शिल्लक लिहावी. तसेच 20 जून ते 18 जुलै या काळात शिल्लक कोणत्याही दिवशी 25,00,000 रुपयांखाली गेली नाही, असे नमूद करावे. सोबत याच काळाचा खाते-उतारा शिक्का मारून द्यावा."

दाखला बँकेचे नाव व चिन्ह छापलेल्या कागदावर असावा. त्यावर अधिकाऱ्याची सही, हुद्दा आणि शिक्का असावा. बँक यासाठी थोडे शुल्क घेते. कागद हाती आला की तेथेच उभे राहून नाव, आकडे आणि तारीख तपासावी. घरी आल्यावर चूक सापडली तर पुन्हा खेप पडते.

खाते बापाचे आणि अर्ज मुलीचा, म्हणून आणखी दोन कागद लागतात. एक, मुलीचा जन्मदाखला, ज्यात बापाचे नाव आहे. दुसरा, "हा पैसा मुलीच्या शिक्षणासाठी वापरण्यास माझी संमती आहे," असे बापाचे सहीचे पत्र. जन्मदाखला मराठीत असेल तर अनुवादकाकडून प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. बँकेत "रामदास" आणि जन्मदाखल्यावर "रामदासजी" असे असेल तर आधी ते दुरुस्त करावे.

काही गोष्टी पैशाच्या असूनही येथे चालत नाहीत. शेतीचा सातबारा, घरातले सोने, शेअर यांची शिल्लक धरत नाहीत. किसान क्रेडिट कार्डावर पाच लाखांची मर्यादा असली तरी ते बँकेचे कर्ज आहे, आपली शिल्लक नव्हे. गावच्या पतसंस्थेतील ठेवीवरही विसंबू नये. पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक नव्हे, आणि अधिकाऱ्याला तेथे खात्री करून घेता आली नाही तर तो पैसा मोजत नाही.

कोणी दलाल म्हणेल, "काका, एवढा खटाटोप कशाले? दाखला मी आणून देतो." त्याला दारातूनच परत पाठवावे. व्हिसाचा अधिकारी बँकेकडे विचारणा करू शकतो. दाखला खोटा निघाला तर अर्ज तर जातोच, पण पुढे दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. ती शिक्षा बापाला नव्हे, मुलीला भोगावी लागते.

दुसऱ्या देशांचे नियम निराळे आहेत. जर्मनीत बहुधा मुलीच्याच नावे वेगळ्या खात्यात रक्कम अडकवून ठेवावी लागते, आणि तिला ती दरमहा मिळते. म्हणून कोणताही देश असो, बँकेत जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. किती पैसा? कोणाच्या खात्यात? किती दिवस? या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, आणि मगच शाखाधिकाऱ्याच्या टेबलाशी जावे.