रुमाल टाकून धरलेली जागा

औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी वाचली, फडताळातून पट्टी काढली आणि सहज विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का?" चिठ्ठी तिच्याच नावाची होती. वय ३४, शाळेत शिक्षिका, एक मुलगी पाच वर्षांची. तक्रार एवढीच, की भांग रुंद होत चाललाय आणि फोटोत टाळू चमकते. मग हृदयाची गोळी कशाला?

ही शिक्षिका म्हणजे कुणी एक बाई नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेकींच्या गोष्टी जोडून मी ती इथे उभी केली आहे. गोळीचं नाव स्पायरोनोलॅक्टोन. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. गेली साठाहून अधिक वर्षं ही गोळी हृदय थकलेल्यांना, रक्तदाब असलेल्यांना आणि यकृताच्या आजारात पोटात पाणी झालेल्यांना दिली जाते. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणं हे तिचं मूळ काम. केस विरळ होण्यासाठी तिला अधिकृत मान्यता नाही. डॉक्टर अनुभवाच्या आणि उपलब्ध अभ्यासांच्या आधारे ती देतात.

केसांपर्यंत ती पोचली ती एका दुष्परिणामामुळे. ही गोळी घेणाऱ्या काही पुरुषांच्या छातीला सूज येऊ लागली, म्हणजे औषध पुरुषी संप्रेरकांच्या आड येत होतं. १९७८ मध्ये एका स्त्रीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. तिला बीजकोषाचा विकार होता आणि रक्तदाबही. रक्तदाबासाठी ही गोळी दिली आणि चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी झाली. पुढे डोक्यावरच्या केसांसाठीही तिचा वापर सुरू झाला.

चेहऱ्यावरची लव कमी करणारं औषध डोक्यावरचे केस कसे राखतं, हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर केसांच्या मुळाशी आहे. भांग रुंदावण्याच्या या प्रकारात केस मुठीने गळत नाहीत. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर जी गळती होते ती वेगळी. तीत केस एकदम जातात आणि बहुधा परत येतात. इथे प्रत्येक फेरीत त्याच मुळातून आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस उगवतो, आणि काही वर्षांनी त्या जागी नुसती लव उरते. कपाळावरची रेषा जागेवर राहते, भांगाभोवतीचं रान मात्र विरळ होतं. जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी दिसणं ही भिंगाखालची खूण.

हे बारीक होणं घडवून आणतं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं जास्त जोरकस संप्रेरक. ते स्त्रीच्या शरीरातही असतं. मुळाच्या पेशीत त्याला बसायला एक ठरलेली जागा असते. तिथे बसलं की त्याचा हुकूम चालतो. हनुवटीवरच्या मुळाला तो हुकूम सांगतो 'जाड हो', टाळूवरच्या मुळाला 'बारीक हो'. म्हणून तीच गोळी दोन ठिकाणी उलट दिसणारे परिणाम देते. या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या रक्तात पुरुषी संप्रेरकं वाढलेली नसतात, मुळंच जास्त संवेदनशील असतात. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तक्रार खोटी, असं होत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन काय करतं, हे एसटीने फिरलेल्याला लगेच कळेल. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. मागून येणारा उभा राहतो. औषध संप्रेरकाच्या जागेवर असा रुमाल टाकतं. स्वतः काही हुकूम देत नाही, फक्त जागा अडवतं. पण रुमाल कायमचा टिकत नाही, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते आणि बंद केली की काही महिन्यांत मिळवलेलं हातचं जाऊ लागतं.

अपेक्षा किती ठेवावी? २००५ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० स्त्रियांना पुरुषी संप्रेरकं अडवणारी औषधं दिली होती. निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन, रोज २०० मिलिग्रॅम. एकूण ४४ टक्के स्त्रियांचे केस दाट झाले, ४४ टक्क्यांत फरक दिसला नाही आणि १२ टक्क्यांत विरळपणा वाढतच गेला. तुलनेसाठी बिनऔषधाचा गट त्यात नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. मात्र वर्षागणिक वाढणाऱ्या तक्रारीत 'फरक नाही' हाही बहुधा फायदाच असतो. केसांचं चक्र संथ, म्हणून सहा महिन्यांआधी निकाल लावू नये. वर्षभराने त्याच उजेडात, त्याच भांगाचा फोटो काढून पाहावा.

पण हा रुमाल फक्त केसांच्या मुळाशी पडत नाही, आणि पुढच्या सगळ्या काळज्या इथूनच सुरू होतात.

मूत्रपिंडात आल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाची अशीच जागा असते. ते बसलं की शरीर मीठ राखून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीत सोडतं. स्पायरोनोलॅक्टोन तीही जागा धरतं. मग मीठपाणी बाहेर जातं आणि पोटॅशियम मागे राहतं. त्याचं रक्तातलं प्रमाण साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, आणि अवघड गोष्ट ही की आधी काही जाणवेलच असं नाही.

म्हणून आमच्या शिक्षिकेला पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी रक्तदाब मोजून रक्त द्यायला सांगितलं. "औषध केसांचं, रक्त कशाला?" तिने विचारलं. तपासणीत पोटॅशियम, क्रिएटिनिन, शिवाय हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड होतं, कारण लोह कमी असेल तर आधी ते भरून काढायचं. सगळं ठीक निघाल्यावर रोज ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली, सकाळी जेवणाबरोबर. रात्री घेतली तर लघवीसाठी उठावं लागतं. पुढे १०० पर्यंत जायचं ठरलं.

महिन्याने पुन्हा रक्त दिलं आणि पोटॅशियम आलं ५.६. ती घाबरली. डॉक्टरांनी रिपोर्टच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की नमुना हिमोलाइज झालेला आहे. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि आकडा खोटाच वाढतो. तरी तो आकडा 'खोटाच असेल' म्हणून सोडायचा नसतो. गोळी थांबवून त्याच दिवशी पुन्हा नमुना घेतला; आकडा ४.४. गोळी परत सुरू झाली.

तरुण, निरोगी स्त्रीला वारंवार रक्त तपासायची गरज आहे का, यावर मतं बदलत आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ४५ वयाच्या, ही गोळी घेणाऱ्या सुमारे हजार निरोगी स्त्रियांच्या तपासण्या पाहिल्या. पोटॅशियम वाढण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं, म्हणजे गोळी न घेणाऱ्यांइतकंच. त्यामुळे अनेक डॉक्टर अशा रुग्णांत सुरुवातीच्या तपासणीवर आणि डोस वाढवताना पाहण्यावर थांबतात. मात्र वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, मूत्रपिंडाची तक्रार किंवा मधुमेह असेल, अथवा रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर हा दिलासा लागू नाही.

एक प्रश्न आपल्याकडे जरूर विचारावा. स्वयंपाकात कुठलं मीठ वापरता? सासूबाईंच्या बीपीसाठी आणलेल्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, आणि आमटी तर सगळ्यांची एकाच पातेल्यात होते. लघवीच्या संसर्गासाठी मिळणारी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळीही पोटॅशियम वाढवते. डॉक्टर दुसरा असेल तर केसांची गोळी चालू आहे, हे आपणहून सांगायचं.

आता तिसरी जागा. ती गर्भात असते.

मुलाच्या गर्भाचं बाह्य जननेंद्रिय सुरुवातीला मुलीच्या गर्भासारखंच दिसतं. साधारण आठव्या आठवड्यापासून त्याचे वृषण टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात आणि पुढच्या काही आठवड्यांत, पहिली तिमाही संपेपर्यंत, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनच्या हुकमाने लिंग आणि मूत्रमार्गाचं तोंड आकार घेतं. टाळूवर ज्याला आपण अडवू पाहतो, तेच संप्रेरक इथे बांधकाम करत असतं. गोळीचे अंश वारेतून गर्भापर्यंत पोचू शकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांची जननेंद्रियं मादीसारखी घडल्याचं दिसलं आहे. माणसांतली माहिती थोडी आहे आणि गोळी चालू असताना निरोगी मुलगे जन्मल्याच्याही नोंदी आहेत, पण केसांसाठी हा धोका पत्करण्याचं कारण नाही. म्हणून ही गोळी आणि गर्भधारणा एकत्र नको.

इथे एक पेच आहे. ही गोळी पाळीही बिघडवते. मधेच रक्तस्राव होतो, तारीख पुढे सरकते. म्हणजे गर्भ राहिल्याची पहिली खूण हे औषधच धूसर करून टाकतं. गोळी सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात शिक्षिकेची पाळी दहा दिवस लांबली तेव्हा तिला वाटलं, "गोळीमुळेच असेल." पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की कारण काय ते नंतर ठरवू, आधी पट्टीवर लघवीची तपासणी करायची. पट्टीवर एकच रेघ आली.

दोन रेघा आल्या असत्या तर गोळी त्याच दिवशी बंद करून स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठायचं होतं. पण तेवढ्यावरून गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो. आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे, त्यामुळे 'मुलगी आहे, काळजी नको' असं म्हणून कुणी निश्चिंत होऊ शकत नाही. काळजी आधीच घ्यावी लागते.

म्हणजे भरवशाचं गर्भनिरोधन. पाळी सावरण्यासाठी अनेकदा सोबत गर्भनिरोधक गोळी देतात, पण तीत ड्रॉस्पिरेनोन आहे का ते पाहावं. ते स्पायरोनोलॅक्टोनचंच भावंड आहे. मूत्रपिंडातली तीच जागा तेही धरतं आणि दोघं मिळून पोटॅशियम वाढवू शकतात. शिक्षिकेने तांबी बसवून घेतली, म्हणजे रोजची दुसरी गोळीही नको आणि संप्रेरकाचा गुंताही नको.

दुसरं मूल कधी, हे तिने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: दोनेक वर्षांनी. त्यांनी कागदावर उलटा हिशेब मांडला. औषधाचे अंश काही दिवसांतच शरीराबाहेर जातात, तरी प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी गोळी बंद करायची आणि तांबी त्यानंतरच काढायची. मग भांग पुन्हा रुंदावेल, आणि त्या काळात डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिलही टाळायचं. तिने विचारलं, "म्हणजे दोन वर्षांची मेहनत जाणार?" डॉक्टर म्हणाले, "काही प्रमाणात जाईल. बाळंतपणानंतर, दूध सुटल्यावर पुन्हा सुरू करू." तिने कॅलेंडरवर त्या महिन्याला खूण केली. तोवर केसांच्या मुळाशी रुमाल पडलेला राहील. त्या महिन्यापासून तो तिनेच उचलायचा आहे.