बाण कुठे जातो?

सोसायटीच्या पंपरूममध्ये भिंतीला चिकटवलेला एक कागद असतो. कमिटीतल्या कुणीतरी बॉलपेननं काढलेला फ्लोचार्ट: काही चौकोन, काही चौकटीच्या आकाराचे प्रश्न आणि त्यांच्यामधून धावणारे बाण. पाणी कधी चढवायचं, मोटर कधी बंद करायची, काय झालं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात असतं. मग ओल येते, शाई फुटते, वॉचमन बदलतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘हे जरा टाइप करून टाका ना, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल.’

टाइप करणारा चौकोनांतला मजकूर वरून खाली उतरवतो, त्याला एक ते दहा क्रमांक देतो आणि काम झालं असं समजतो. खरं तर अर्धा तक्ता कागदावरच राहिलेला असतो. मोटर चालू करा, थांबा, बंद करा, ही वाक्यं वॉचमनला पाठच असतात. त्याला हवं असतं ते ‘असं झालं तर पुढे कुठे’ हे, आणि ते बाणांत असतं. म्हणून टाइप करताना एकच नियम धरायचा: कागदावरचा प्रत्येक बाण मजकुरात ‘अमुक क्रमांकावर जा’ या रूपानं दिसलाच पाहिजे.

युक्ती जुनी आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यानं १७७८ साली फ्रान्समधल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा झाड ओळखण्यासाठी दोन-दोन पर्याय समोर ठेवून पुढचा क्रमांक सांगण्याची रीत वापरली. झाडं ओळखण्याच्या पुस्तकांत ती आजही चालते.

आता पंपरूमचा तक्ता घेऊ. सुरुवात संगणकावर करायची नाही, पेन्सिलनं करायची. कागदावरच्या प्रत्येक आकृतीत एक क्रमांक लिहायचा आणि तो दहाच्या पटीत द्यायचा: १०, २०, ३०. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक ही संगणकभाषा तयार झाली. तिच्यात ओळींना क्रमांक असत आणि मध्ये नवी ओळ घालायला जागा राहावी म्हणून लोक ते दहा-दहानं देत. ही जागा आपल्यालाही लवकरच लागणार आहे.

क्रमांक देताना मुख्य वाट आधी धरायची, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर काय घडतं ती, आणि अडचणीच्या आकृत्या त्यांच्या प्रश्नाजवळ ठेवायच्या. क्रम थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, कारण वाट क्रमानं नव्हे, ‘जा’नं ठरणार आहे. आपला तक्ता असा उतरतो:

सुरुवात: सकाळी ६ वाजता. १० वर जा.
१०. खालच्या टाकीचं झाकण उघडून पाणी बघा. २० वर जा.
२०. पाणी लाल खुणेच्या वर आहे का? हो: ४० वर जा. नाही: ३० वर जा.
३०. अर्धा तास थांबा. १० वर जा.
४०. मोटर सुरू करा, दोन मिनिटं थांबा. ५० वर जा.
५०. प्रेशरचा काटा चढला का? हो: ७० वर जा. नाही: ६० वर जा.
६०. मोटर बंद करा, पंपात पाणी ओतून हवा काढा. ४० वर जा.
७०. दहा मिनिटं थांबा. ८० वर जा.
८०. वरची टाकी भरली का? हो: ११० वर जा. नाही: ९० वर जा.
९०. खालचं पाणी अजून लाल खुणेच्या वर आहे का? हो: ७० वर जा. नाही: १०० वर जा.
१००. मोटर बंद करा. ३० वर जा.
११०. मोटर बंद करा, वहीत वेळ लिहा. शेवट.

साध्या चौकोनाच्या शेवटीही ‘२० वर जा’ लिहिलेलं आहे, जरी २० लगेच खालीच असलं तरी. ते कंटाळवाणं वाटतं, पण १००व्या पायरीकडे बघा. तिथे ‘३० वर जा’ राहून गेलं तर वाचणारा सवयीनं ११० वर उतरेल, वहीत वेळ लिहील आणि वरची टाकी अर्धी असताना काम संपवेल. प्रत्येक ओळीनं पुढचा पत्ता सांगायचा असा दंडक ठेवला की कुठे पत्ता राहिला ते लगेच डोळ्यांत येतं.

प्रश्नाच्या ओळी लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दोन्ही उत्तरं लिहायची. कागदावर बऱ्याचदा एकाच बाणावर ‘नाही’ लिहिलेलं असतं आणि दुसरा कोरा असतो, तो ‘हो’ आहे हे गृहीत धरलेलं असतं. दुसरी म्हणजे प्रश्न सरळ विचारायचा. ‘टाकी रिकामी नाही ना?’ या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हणालं तर त्याचे दोन अर्थ होतात. ‘पाणी खुणेच्या वर आहे का?’ याला एकच. प्रश्न असा फिरवला तर बाणांवरची हो-नाही अदलाबदल करायला विसरायचं नाही.

बरेच लोक फांद्यांसाठी उतरती रचना वापरतात: २ च्या पोटात २अ आणि २आ, त्यांच्या पोटात आणखी उपमुद्दे. फांद्या फुटतच जाणार असतील आणि पुन्हा एकत्र येणार नसतील तर ते छान दिसतं. आपल्या तक्त्यात मात्र ३०व्या पायरीवर दोन ठिकाणांहून लोक येतात: पहाटे पाणीच नव्हतं म्हणून २० वरून, आणि मध्येच पाणी संपलं म्हणून १०० वरून. उतरत्या रचनेत ती पायरी दोन्हीकडे लिहावी लागते. पुढे कुणी एकीकडे ‘अर्धा तास’चं ‘पाऊण तास’ करतो आणि दुसरीकडे तसंच राहतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना समासाची जागा सहज नाहीशी होते. जो माणूस स्क्रीनरीडरवर ओळ ऐकतो, त्याला तर समास दिसतच नाही. क्रमांक मात्र ऐकू येतो.

टाइप झाल्यावर तपासणी. यासाठी साधी मोजणी पुरते. चौकोनातून एक बाण निघतो, हो-नाहीच्या प्रश्नातून दोन, सुरुवातीतून एक. आपल्याकडे चौकोन सात आणि प्रश्न चार, म्हणून ७ अधिक ८ अधिक १, एकूण १६ बाण हवेत. मजकुरातले ‘जा’ मोजले तर १५ भरतात आणि ११० मधला ‘शेवट’ धरला की १६. आता कागदावर बाण मोजायचे, पण टोकं मोजायची नाहीत, बाण जिथून निघतो ती बुडं मोजायची. कारण हातानं काढताना १०० वरून निघालेली रेघ वाटेत २० ते ३० या रेघेला जाऊन मिळते आणि दोघींना मिळून टोक एकच असतं. टोकं मोजणाऱ्याचा हिशोब एकनं कमी भरतो आणि हरवते ती नेमकी हीच परतीची वाट.

मोजणी जुळली म्हणजे बाण आले, पण ते योग्य जागी गेले का? त्यासाठी मागे जाणारे बाण शोधायचे, म्हणजे जिथे ‘जा’च्या पुढचा क्रमांक त्या ओळीच्या क्रमांकापेक्षा लहान आहे त्या ओळी. आपल्याकडे त्या चार आहेत: ३०, ६०, ९० आणि १००. प्रत्येक ठिकाणी फेरा तयार होतो, आणि प्रत्येक फेऱ्याला विचारायचं: यातून बाहेर कसं पडायचं?

१०, २०, ३० या फेऱ्यातून बाहेर पडायची एकच वाट आहे: पाणी येणं. नळाला त्या दिवशी पाणी आलंच नाही तर वॉचमन दर अर्ध्या तासानं झाकण उघडत संध्याकाळ करेल. ४०, ५०, ६० हा फेरा त्याहून वाईट. पंप पाणी ओढत नसेल तर हवा काढा, सुरू करा, बंद करा, पुन्हा हवा काढा, असं चालत राहील आणि दर वेळी दोन मिनिटं मोटर कोरडी फिरेल. कोरड्या फिरण्यानं पंपाचं सील जातं.

ही चूक टाइप करणाऱ्याची नाही, ती कागदावरच आहे. चित्रात गोल फिरणारा बाण नजरेला पुरा वाटतो, म्हणून कुणाला ती खटकत नाही. मजकुरात ‘१० वर जा’ असं लिहिलं की ‘किती वेळा?’ हा प्रश्न उभा राहतो. पण त्याचं उत्तर टाइप करणाऱ्यानं मनानं घालायचं नाही. तक्ता काढणाऱ्याला विचारायचं. समजा तो म्हणाला, ‘नऊपर्यंत वाट बघायची, मग सेक्रेटरींना फोन. आणि हवा एकदाच काढायची, तरीही काटा चढला नाही तर प्लंबर.’ मग मोकळ्या ठेवलेल्या क्रमांकांत नव्या पायऱ्या बसतात:

२५. नऊ वाजून गेले का? हो: २८ वर जा. नाही: ३० वर जा.
२८. सेक्रेटरींना फोन करा. शेवट.
५५. आज हवा काढल्याची वहीत खूण आहे का? हो: ५८ वर जा. नाही: ६० वर जा.
५८. मोटर बंद करा, प्लंबरला फोन करा. शेवट.

६०व्या पायरीतही भर पडते: ‘वहीत तारीख घालून खूण करा’. किती वेळा केलं हे तक्ता लक्षात ठेवत नाही आणि सातला पाळी बदलली तर माणूसही नाही, म्हणून मोजदाद कागदावर हवी. नंतर जुने पत्ते बदलायचे. २० मधलं ‘नाही’ आता २५ वर जाईल, ५० मधलं ५५ वर. १००चं काय? तीही आधी ३० वर पाठवत होती, तिलाही २५ वर पाठवायला हवं, नाहीतर नऊनंतर मध्येच पाणी संपलं तर वॉचमन अर्धा तास उगाच थांबेल. नवी पायरी घातली की जुन्या पत्त्यावर कोण कोण येत होतं ते सगळ्या मजकुरात शोधायचं. शेवटी पुन्हा मोजणी: चौकोन ९, प्रश्न ६, सुरुवात १, म्हणून बाण २२.

वर्डमध्ये काम करताना आपोआप पडणारे क्रमांक इथे घात करतात. मध्ये एक ओळ घातली की यादीचे क्रमांक पुढे सरकतात, पण वाक्यातलं ‘७ वर जा’ तसंच राहतं आणि आता तिथे भलतीच पायरी असते. मजकूर दिसायला नीटनेटका असतो, म्हणून ही चूक पकडली जात नाही. क्रमांक हातानं टाइप करावेत. वर्ड आपणहून क्रमांक देऊ लागलं की लगेच Ctrl+Z दाबावं. मोठ्या दस्तऐवजात Cross-reference ची सोय वापरता येते, पण तिथेही बदल केल्यावर Ctrl+A आणि मग F9 दाबल्याशिवाय वाक्यातले क्रमांक बदलत नाहीत.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या माणसाकडून होते. ज्यानं मूळ कागद पाहिलेला नाही त्याला फक्त टाइप केलेल्या पायऱ्या द्यायच्या आणि त्यावरून चित्र काढायला सांगायचं. आकृत्या कुठेही काढल्या तरी चालतील, बाण तेच निघाले पाहिजेत. जिथे तो अडून ‘इथून कुठे?’ विचारतो, तिथे ओळ अपुरी आहे.

मूळ चित्र मात्र फेकायचं नाही. संपूर्ण व्यवहार एका नजरेत समजून घ्यायला चित्रच बरं, आणि पहाटे टाकीपाशी उभं राहून पुढची एकच पायरी हवी असते तेव्हा क्रमांक बरे. पेन्सिलनं लिहिलेले क्रमांक शाईनं पक्के करावेत, नव्या चार आकृत्या चित्रातही काढाव्यात आणि दोन्ही कागदांवर एकच तारीख घालावी. पुढच्या वेळी ‘नऊ’चे ‘दहा’ झाले, तर २५ हा क्रमांक दोन्हीकडे शोधून बदल करायचा आणि तारीखही दोन्हीकडे बदलायची.