रेडिएटरच्या तोंडास चिकटलेली रबरी नळी

निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव या पट्ट्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे ट्रॅक्टरांस दिवसरात्र विसावा मिळत नाही. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढीत चढ चढताना इंजिनाची उष्णता कमाल मर्यादेस पोचते, आणि वर्षानुवर्षे न बदललेली रेडिएटरची रबरी नळी नेमकी अशा वेळी गळू लागते. नवी नळी दुकानात सहज मिळते, बसविण्यासही फार वेळ लागत नाही. खरी अडचण जुनी नळी काढताना येते. क्लिप सैल केली, नळी पिळली, ओढली, तरी ती जागची हलत नाही. आणि अधिक जोर लावला की रेडिएटरचे तोंडच हातात येते. काही रुपयांच्या नळीपायी रेडिएटर दुरुस्तीस टाकावा लागतो, तो याच घाईमुळे.

नळी तोंडास चिकटते, म्हणजे रबर वितळून धातूशी एकजीव होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. क्लिपच्या सततच्या दाबाखाली तापलेले रबर हळूहळू पसरते आणि धातूच्या पृष्ठभागावरील बारीक खाचखळग्यांत शिरून बसते. त्याच वेळी नळीच्या टोकाकडून शीतक द्रवाचा, म्हणजे कूलंटचा, सूक्ष्म अंश झिरपत असतो. त्यातील पाणी उष्णतेने उडून जाते व मागे क्षार राहतात. पितळी तोंड असल्यास त्यावर हिरवट, ॲल्युमिनियमचे असल्यास पांढरी, आणि बिडाचे असल्यास तांबूस पापुद्र्यासारखी गंज धरते. हा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रबर व धातू यांच्यामध्ये जणू पाचर ठोकली जाते आणि वरून क्षारांचे लुकण बसते. ज्यांच्या रेडिएटरात कूलंटऐवजी विहिरीचे किंवा बोअरचे कठीण पाणी भरलेले असते, त्यांच्या बाबतीत हे लुकण विशेष घट्ट होते. कारण त्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतात. नळीच्या कडेशी असे कवच दिसले, की नळी ओढून निघणार नाही असे धरून चालावे.

कामास हात घालण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड झाले पाहिजे. रेडिएटरचे झाकण आतील दाब धरून ठेवते, त्यामुळे आतील पाणी १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि तेच पाणी उसळून अंगावर येते. वरची नळी हातास कोमट न लागता गार लागेल, तेव्हाच झाकण उघडावे. नंतर खालच्या तोटीतून द्रव पसरट भांड्यात काढून घ्यावा. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड असते, परंतु ते विषारी आहे. गोठ्याजवळ किंवा अंगणात ते सांडल्यास गुरे व कुत्री ते चाटतात, म्हणून भांडे झाकून उचलून ठेवावे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जुन्या ट्रॅक्टरचा पितळी रेडिएटर आहे, वरच्या नळीचा आतील व्यास सुमारे ३८ मिलिमीटर आहे आणि नळी तोंडावर सुमारे ३५ मिलिमीटर चढलेली आहे. अशा रेडिएटरचे तोंड वरच्या टाकीस डाख देऊन बसविलेले असते. पाईप-पान्याने नळी पिळली तर सारा जोर या डाखावर येतो. डाख तडकतो व तोंड गरकन फिरते. पितळ मऊ असल्याने पान्याखाली ते चेपतेही. ज्योत लावून रबर सैल करण्याचा उपायही येथे घातक ठरतो, कारण कथील-शिशाचा डाख रबर जळण्यापूर्वीच वितळू शकतो.

प्रथम क्लिप पूर्ण सैल करून नळीच्या मध्यावर सरकवावी. नळी वाचविण्याची गरज असेल, उदाहरणार्थ रात्री रस्त्यावर दुसरी मिळण्याजोगी नसेल, तर चिकटलेल्या भागावर कढत पाणी ओतावे. त्याने रबर थोडे मऊ होते. मग बोथट टोकाची वाकडी आकडी साबणाच्या पाण्यात बुडवून नळीच्या कडेखाली अलगद सरकवावी आणि तोंडाभोवती फिरवीत न्यावी. खनिज तेल वापरू नये, त्याने नळीचे रबर फुगते. आकडी पूर्ण वेढा फिरली, की नळी दोन्ही हातांनी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे पिळावी. ती एकदा जरी फिरली, तरी निघते.

परंतु जी नळी इतकी चिकटली, ती बहुधा फेकण्याच्याच लायकीची असते. अशा वेळी वाचविण्याचा मोह सोडून ती कापणे शहाणपणाचे. आधी रेडिएटरच्या तोंडापासून चार बोटे अंतरावर नळी आडवी कापून टाकावी. यामुळे लांब नळीची तरफ नाहीशी होते आणि हातास जागा मिळते. उरलेल्या तुकड्यावर, कडेपासून तोंडाच्या टोकापर्यंत, धारदार पात्याने उभी चीर द्यावी. येथेच बहुतेकांचे चुकते. चीर आरपार देऊ नये. नळीची जाडी ५ मिलिमीटर असेल तर ३ ते ४ मिलिमीटर खोल कापावे. आतील धाग्यांचा थर कापला गेल्याचे हातास जाणवते, तेथे थांबावे. राहिलेला पातळ थर बोथट स्क्रू-ड्रायव्हरने चीर फाकविली की आपोआप फाटतो. मग नळी संत्र्याच्या सालीप्रमाणे एका बाजूने सोलून काढावी. पाते धातूपर्यंत गेले, तर तोंडावर उभी रेघ उमटते, आणि नव्या नळीखालून पाणी त्याच रेघेने बाहेर येते. कडेची आडवी रेघ तितकी त्रासदायक नसते, उभी मात्र थेट वाट करून देते.

अलीकडील अनेक वाहनांत रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. उष्णतेने ते जुने झाले की ठिसूळ होते. तेथे पिळणे वा तरफ देणे टाळावे. कढत पाणी, आकडी व चीर एवढेच करावे. तडा गेलेले प्लॅस्टिकचे तोंड क्लिप कितीही आवळली तरी धरत नाही. टाकी किंवा रेडिएटर बदलावा लागतो. पितळी तोंड निसटले असेल तर अनुभवी कारागीर त्यास पुन्हा डाख देऊ शकतो.

नळी निघाल्यावर तोंडावरील क्षार व रबराचे तुकडे बारीक पॉलिश कागदाने साफ करावेत. कागद तोंडाभोवती फिरवावा, लांबीच्या दिशेने घासू नये. कारण वर सांगितलेलेच. टोकाशी असलेली उंचवट्याची कडा शाबूत आहे ना, आणि बोट फिरविताना खोल खड्डे लागतात काय, ते पाहावे. नव्या नळीच्या आतून पाण्याचा हात फिरवून ती उंचवट्याच्या पुढे पूर्ण चढवावी. क्लिप उंचवट्यावर नव्हे, तर उंचवटा आणि नळीचे टोक यांच्यामध्ये बसवावी. रबर क्लिपच्या खाचांतून फुगून वर येईपर्यंत आवळू नये. मग शुद्ध पाणी, शक्य तो ऊर्ध्वपातित, व कूलंट निम्मे-निम्मे भरावे. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर क्लिप पुन्हा तपासावी, कारण नवे रबर पहिल्याच तापात थोडे दबते. दुसऱ्या दिवशी नळीच्या कडेशी ओलसरपणा वा रंगीत डाग दिसल्यास नळी पुन्हा काढून तोंड तपासावे.