सिल्लोड ते फर्दापूर, अडीच मिनिटांत

गाडीच्या काचेआडून शूट केलेला हायपरलॅप्स सॉफ्टवेअरने स्थिर केला, तर रस्ताच डुलत होता! कारण फ्रेममध्ये डॅशबोर्ड आला होता. सॉफ्टवेअर त्यालाच स्थिर धरतं आणि बाहेरचं सगळं हलतं. म्हणून मोबाइल काचेच्या अगदी जवळ लावा, फ्रेममध्ये फक्त रस्ता ठेवा. स्थिर करताना कडा कापल्या जातात, तेव्हा थोडं रुंद शूट करा. खड्ड्याने फ्रेमच पुसट झाली असेल, तर ती स्थिर करूनही सुधारत नाही; उन्हात शटर वेगवान ठेवा.

वेग सगळीकडे एकच नको. अजिंठा गावापर्यंतचा सरळ रस्ता मी सोळापट केला, २४ मिनिटांचे ९० सेकंद झाले. पुढे घाटात मात्र आठपटच, ८ मिनिटांचं १ मिनिट. वळणावर सोळापट ठेवलं की दरी डोळ्यांना दिसायच्या आत निघून जाते.