रिपोर्टमधला पांढरा ठिपका

बाबांचं पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: यकृताच्या उजव्या भागात १६ मिलिमीटरची हायपरएकोइक लीजन, बहुधा हिमँजिओमा, क्लिनिकल कोरिलेशन करावे. बाबांनी ‘लीजन’ म्हणजे कॅन्सरची गाठ असं धरलं आणि त्या रात्री ते झोपलेच नाहीत. सकाळी मी रेडिओलॉजिस्ट बाईंना पत्र लिहिलं.

‘आदरणीय डॉक्टर, या ठिपक्याला नक्की काय म्हणायचं? ‘बहुधा’ लिहिलंत, मग शंका कशाची उरली? आणि कोरिलेशन कशाशी करायचं? बाबांचं सहा वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आहे, म्हणून भीती वाटते.’

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ऑपरेशनचं त्यांना ठाऊकच नव्हतं. तपासणीच्या चिठ्ठीवर फक्त ‘पोटदुखी’ लिहिलेलं होतं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. लीजन म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळी दिसणारी जागा, एवढंच. ती साधी की घातक, हे त्या शब्दात नसतं. हायपरएकोइक म्हणजे ध्वनिलहरी जास्त परतवणारी, म्हणून पडद्यावर पांढरी दिसणारी. यकृतातला असा छोटा, रेखीव पांढरा ठिपका बहुतेक वेळा हिमँजिओमा असतो, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. पण आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला, तर तोही कधी कधी असाच पांढरा दिसतो. म्हणजे चित्र तेच, पण माणसाचा पूर्वेतिहास बदलला की त्याचा अर्थ बदलतो. कोरिलेशन म्हणतात ते हेच.

“ऑपरेशनच्या वेळच्या सीटीच्या फिल्म आहेत का?” त्यांनी विचारलं. कपाटातून त्या काढून नेल्या. त्याच जागी १५ मिलिमीटरचा डाग होता. मापात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच; पसरलेला कॅन्सर उपचारांशिवाय सहा वर्षं जागच्या जागी थांबत नाही. तरी तो जुना सीटी एकाच टप्प्यात काढलेला होता, म्हणून खात्रीसाठी त्यांनी ट्रायफेजिक सीटी सुचवला. आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं, कारण शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांतून बाहेर पडतं.

या तपासणीत कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने, मग सव्वा मिनिटाच्या सुमारास आणि पुन्हा काही मिनिटांनी चित्रं घेतात. हिमँजिओमात औषध आधी कडेला तुकड्यातुकड्यांनी चमकतं आणि सावकाश आत भरत जातं. आतड्यातून पसरलेली गाठ बहुधा भोवतालच्या यकृतापेक्षा काळसरच राहते. बाबांचा ठिपका कडेकडून भरत गेला. हिमँजिओमाच होता. पोटदुखीचं कारण वेगळं निघालं, त्यावर उपचार सुरू आहेत.

तुमच्या घरी अशी तपासणी ठरली, तर आधीची ऑपरेशनं, कावीळ, कॅन्सर हे सगळं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि जुन्या फिल्म सोबत न्या.